फोटोवरून एमसीबीची पारख: सोळा अँपिअरची एक एमसीबी आणि सहा फोटो

गावाकडे घराचं काम चालू असतं, मालक नोकरीच्या गावी असतो, आणि वायरमन लातूरच्या किंवा नांदेडच्या दुकानातून डीबीचा, म्हणजे घरभर वीज वाटून देणाऱ्या पेटीचा, माल आणून फोटो टाकतो: "दादा, एमसीबी आणल्यात, बघून घ्या." फोटोत सहा एमसीबी पिशवीवर पडलेल्या, वरून फ्लॅश मारलेला, कंपनीचं नाव तेवढं ठळक. या एका फोटोवरून काहीच ठरत नाही. पण नीट काढलेले सहा फोटो असतील, आणि त्यात त्याच कंपनीची, त्याच मालिकेची खात्रीची एक एमसीबी शेजारी ठेवलेली असेल, तर कॉपी माल बऱ्याचदा फोटोतच पकडला जातो.

घरात सॉकेट, कूलर, गिझर यांच्यासाठी सर्रास लागणारी सिंगल पोल, सी कर्व्हची, म्हणजे पडण्याच्या ठरलेल्या प्रकारांपैकी सी प्रकारची, १६ अँपिअरची एमसीबी धरून हे पुढे सांगितलं आहे. फोटोवरून संशय घेता येतो, पण "ही अस्सल आहे" असा दाखला फोटो देऊ शकत नाही. आतली कॉइल, दोन धातूंची पट्टी आणि ठिणगी विझवणाऱ्या पत्र्यांचा संच बाहेरून दिसत नाही. म्हणून इथला निकाल दोनच प्रकारचा असतो: "परत करा" किंवा "फोटोत तरी खोट दिसत नाही".

फोटो कसे मागवायचे

आधी तुलनेचा नग शोधा. घरातल्या जुन्या डीबीत, शेजारच्या घरी किंवा कंपनीच्या अधिकृत वितरकाकडे त्याच मालिकेची एमसीबी मिळते का ते बघा. चालू डीबीतली एमसीबी फोटोसाठी काढायची असेल, तर मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, वायरमननेच काढावी. इंटरनेटवरचं चित्र हा शेवटचा पर्याय, कारण ते कधीचं आणि कोणत्या देशातल्या मालाचं आहे हे कळत नाही.

मग वायरमनला असा निरोप पाठवा: "मामा, फ्लॅश बंद करा. नवी आणि जुनी शेजारी शेजारी, खाली स्टीलची पट्टी ठेवा. मोबाईल हातभर लांब धरून दुप्पट झूम करा. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा." यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. मोबाईल अगदी जवळ नेला की मधला भाग फुगतो आणि कडा वाकतात, मग रुंदीची तुलना खोटी ठरते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि अक्षरांच्या कडा विरघळतात. कडा तर आपल्याला मुळात बघायच्या आहेत. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला फोटो जसाच्या तसा येतो.

सहा फोटो लागतात. पहिला समोरून सरळ. दुसराही समोरून, पण खिडकीचा उजेड एका बाजूने तिरका पडेल असा, म्हणजे उठावाच्या अक्षरांची सावली दिसते. तिसरा आणि चौथा दोन्ही बाजूंचा, जिथे रिव्हेट असतात. पाचवा वरच्या आणि खालच्या टर्मिनलचा, स्क्रू पूर्ण सैल करून, वायर घालायच्या तोंडाकडून. सहावा सगळ्या नव्या एमसीबी आणि त्यांच्या शेजारी तुलनेचा नग एका पट्टीवर, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या डीन रेलवर, ओळीने बसवलेल्या. हा सहावा फोटो कुणी मागत नाही, पण अनेकदा सगळ्यात जास्त तोच सांगून जातो.

आधी अंक वाचा, मग अंकांचं वळण बघा

घरगुती एमसीबीसाठी भारतातलं मानक `IS/IEC 60898-1` आहे, आणि एमसीबीवर आयएसआय खूण सक्तीची आहे. या मानकात खुणा कशा लिहायच्या हे ठरलेलं आहे. रेटिंग लिहिताना कर्व्हचं अक्षर आणि आकडा लागून येतो, अँपिअरचं अक्षर येत नाही: `C16`. शॉर्टसर्किट तोडण्याची क्षमता चौकोनात, अँपिअरमध्ये, पूर्ण आकड्यात येते: `6000` किंवा `10000`. तिथेही एकक नसतं. समोरच्या चौकोनात `10KA` किंवा रेटिंगला `C16A` असं छापलेलं असेल तर तो मोठा संशय, कारण खुणांचा नियम ज्याला रोज पाळावा लागतो त्या कारखान्यात अशी चूक सहसा होत नाही. बाजूच्या लेबलवर किंवा खोक्यावर मात्र किलोअँपिअर लिहिलेलं चालतं. औद्योगिक वापराच्या दुसऱ्या मानकाचा आकडा तिथे वेगळा दिलेला असू शकतो. ते बघून माल नाकारू नका.

आता तिरक्या उजेडाचा फोटो मोठा करा. एमसीबीवर दोन प्रकारची अक्षरं असतात. काही साच्यातच आलेली, उठावाची किंवा खोलगट. कंपनीचं चिन्ह बऱ्याचदा असं असतं. बाकीची नंतर शाईने छापलेली किंवा लेझरने जाळलेली, आणि रेटिंग बहुतेक यांत येतं, कारण एकाच साच्यातून ६ ची, १० ची, १६ ची अशा सगळ्या एमसीबीचं कवच निघतं. म्हणून रेटिंगचा आकडाच साच्यात कोरलेला दिसला तर आधी तुलनेचा नग बघा. त्याच्यावर छापील असेल आणि यावर कोरीव, तर सरळ संशय.

उठावाच्या अक्षरात दोन जागा बघायच्या: अक्षराची वरची धार, आणि अक्षर जिथे कवचातून उठतं तो कोपरा. अस्सल साचा पोलादात थेट कोरलेला असतो, त्यामुळे धार करकरीत आणि सावलीची रेघ बारीक, सरळ येते. तयार एमसीबीवरून साचा उतरवला की प्रत्येक कोपरा थोडा गोल होतो. मग सावली धूसर होते, आणि बी किंवा ८ सारख्या अक्षर-आकड्यांच्या आतली पोकळी भरल्यासारखी दिसते. साखरेवर आलेल्या मुंगीसारखं बारीक अक्षर असेल तिथे हा फरक सगळ्यात आधी उघडा पडतो, म्हणून मोठ्या नावाकडे बघत न बसता सगळ्यात लहान अक्षर शोधा.

छापील रेटिंगमध्ये ६ च्या पोटाकडे आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांकडे बघा. चांगल्या छपाईत कोपरे काटकोनी आणि रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असते. घाईच्या छपाईत कोपऱ्यात शाई साचते, रेघ कुठे तुटते, आणि सहा नगांत चौकोन सहा ठिकाणी सरकलेला दिसतो.

तरीही छपाई हा कच्चा पुरावा आहे. कंपन्या छपाईची पद्धत, अक्षराचं वळण आणि शाईचा रंग मधूनच बदलतात, त्यामुळे नुसतं अक्षर वेगळं दिसलं म्हणून माल नकली ठरत नाही. साचा बदलणं खर्चाचं काम आहे, ते वारंवार होत नाही. म्हणून छपाईत संशय आला की निकाल टर्मिनलवर आणि कवचावर लावायचा.

आयएसआय खुणेखाली `CM/L` ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणत्या कंपनीचा, कोणत्या वस्तूचा आणि चालू आहे का ते दिसतं. क्रमांकच नसेल, किंवा तो भलत्याच कंपनीचा किंवा वस्तूचा निघाला, तर पुढे बघायची गरज नाही. पण क्रमांक बरोबर निघाला म्हणून निश्चिंत होऊ नका. कॉपी करणारा एमसीबीवरचं सगळं उतरवतो, तसा क्रमांकही उतरवतो.

टर्मिनलचे स्क्रू

समोरच्या फोटोत आधी स्क्रूचं डोकं बघा. नावाजलेल्या एमसीबीत बहुतेक वेळा चपटा स्क्रूड्रायव्हर आणि पोझिड्राइव्ह दोन्ही चालतील अशी दुहेरी खाच असते. पोझिड्राइव्ह ओळखायला सोपी: मोठ्या अधिक चिन्हाच्या मधोमध चार बारीक रेघा तिरक्या जातात. तुलनेच्या नगावर त्या रेघा आहेत आणि नव्यावर साधं अधिक चिन्ह आहे, तर कुणीतरी स्वस्तातला स्क्रू घातला आहे. खाच डोक्याच्या बरोबर मध्ये आहे का, तिच्या कडेला धातूची कुसळं आहेत का, वरचा आणि खालचा स्क्रू सारख्याच खोलीवर बसला आहे का, हेही बघा.

खाचेच्या कडा ओरबाडलेल्या असतील तर प्रश्न वेगळा. तो माल कदाचित अस्सलच असेल, पण एकदा वापरून, जुन्या पॅनलमधून काढून, पुसून नवा म्हणून विकलेला. मागच्या क्लिपवर पट्टीचे ओरखडे आणि टर्मिनलच्या आत काळपट झाक, या दोन खुणा असतील तर शंका पक्की.

स्क्रूपेक्षा महत्त्वाचा त्याच्या खालचा पिंजरा, म्हणजे वायर पकडणारी धातूची चौकट. वायरच्या तोंडातून काढलेल्या फोटोत तिच्या पत्र्याची जाडी आणि सांधा दिसतो. अस्सल नगात पत्रा जाड असतो, सांधा घट्ट मिटलेला असतो आणि वायर ज्यावर दाबली जाते त्या बाजूला बारीक दाते किंवा आडव्या रेषा असतात. कॉपीत पत्रा पातळ, सांध्यात फट आणि दाब पडणारी बाजू गुळगुळीत. अशा पिंजऱ्यात अडीच चौरस मिलिमीटरची तारांची वायर घालून स्क्रू आवळला की सांधा उघडतो. हाताला वाटतं घट्ट झालं, पण दाब वायरवर न पडता पत्रा वाकण्यात जातो. मग करंट थोड्याच तारांतून जातो, तो सांधा तापतो, गार होतो, पुन्हा तापतो, आणि प्रत्येक वेळी थोडा आणखी सैल होतो. पहिल्या उन्हाळ्यात कूलर आणि फ्रिज एकत्र चालले की टर्मिनलजवळचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं.

इथे अस्सल मालावर अन्याय होऊ देऊ नका. चांगल्या एमसीबीचा स्क्रू नीट आवळला नाही तरी टर्मिनल असंच जळतं. घरगुती एमसीबीला साधारण २ न्यूटन मीटरच्या आसपास आवळ लागते, नेमका आकडा कंपनी देते. म्हणून जळालेलं टर्मिनल बघून "माल डुप्लिकेट" म्हणू नका, पिंजरा बघून म्हणा. लोहचुंबक लावून बघायचा उपायही इथे कामाचा नाही, कारण अस्सल एमसीबीचे स्क्रूही लोखंडी असतात आणि चिकटतात.

कवच आणि साचा

बाजूच्या फोटोत दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवा. तो सगळीकडे सारखा बारीक हवा. मध्येच फट, किंवा सांध्यातून बाहेर आलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, म्हणजे साचा नीट मिटत नाही. मग रिव्हेट मोजा. संख्या आणि जागा तुलनेच्या नगाशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत, आणि डोकी सारखी चपटी हवीत. एखादं डोकं फाटलेलं, एखादं तिरपं, एखाद्या जागी नुसतंच भोक असेल तर संशय घ्या. शॉर्टसर्किटच्या क्षणी आत गरम वायूचा जोराचा दाब तयार होतो, आणि दोन अर्धे भाग धरून ठेवायला हे रिव्हेटच असतात.

कवचाच्या रुंद बाजूवर जिथे आतून जाड भिंत असते तिथे वरून हलका खड्डा दिसला, तर तो प्लास्टिक घाईने गार केल्याचा परिणाम. एखादा खड्डा अस्सल नगातही सापडू शकतो. सगळ्या नगांत, मोठे आणि तुलनेच्या नगात अजिबात नसलेले, असं असेल तरच तो मोजायचा.

आता सहावा फोटो. प्लास्टिक गार होताना आकसतं. अस्सल साचा करताना हे आकसणं धरून तो थोडा मोठा केलेला असतो. तयार एमसीबीवरून साचा उतरवणाऱ्याने ते धरलं नाही तर कॉपी मुळापेक्षा थोडी लहान निघते, साधारण अर्धा ते एक टक्का. एका नगाच्या रुंदीत हा फरक दिसत नाही. पण ८० मिलिमीटर उंचीत तो पाऊण मिलिमीटरपर्यंत जातो, आणि पट्टीवर जुनी-नवी शेजारी बसवली की वरच्या कडेला पायरी दिसते. सहा नगांची एकत्र रुंदीही मोजा. एक मॉड्यूल १७.५ मिलिमीटर धरलं तर सहांचे १०५ होतात. काही कंपन्यांचं मॉड्यूल किंचित रुंद असतं, म्हणून पुस्तकी आकड्याऐवजी तुलनेच्या नगाच्या सहापटीशी ताडा. खटके एका रेषेत आहेत का, सगळे वर केल्यावर सारख्याच कोनात थांबतात का, आणि पांढऱ्या रंगात एखादा नग पिवळसर किंवा निळसर वाटतो का, हेही याच फोटोत दिसतं.

एक सातवा फोटो चालत असेल तर वजनाचा घ्या. किराण्याच्या काट्यावर ५-१० ग्रॅमचा फरक कळत नाही, सराफाच्या काट्यावर कळतो. सिंगल पोल एमसीबी साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅमची असते, पण तुलना पुन्हा त्याच मालिकेच्या त्याच रेटिंगच्या नगाशीच करायची. वीस-पंचवीस ग्रॅम कमी भरली तर आत तांबं किंवा ठिणगी विझवणारे पत्रे कमी आहेत असं समजायला हरकत नाही.

एक नमुना शेवटपर्यंत

समजा सहा नवे सी-१६ नग आले आणि तुलनेला जुन्या डीबीतला एक आहे. समोरच्या फोटोत दोन्हींवर `C16`, चौकोनात `10000`. नव्यावर ६ चं पोट थोडं गोल आहे. एवढ्यावर काही म्हणता येत नाही, छपाई बदलली असेल. परवाना क्रमांक ॲपमध्ये टाकला, कंपनी बरोबर निघाली. हाही निकाल नाही. तिरक्या उजेडात कंपनीच्या उठावाच्या नावाखालची सावली जुन्यावर रेघेसारखी, नव्यावर पसरट. इथे पहिला खरा संशय येतो, कारण ही छपाईची बाब नाही, साच्याची आहे. समोरच्या फोटोत जुन्याचा स्क्रू पोझिड्राइव्ह, नव्याचा साधा, आणि पाचव्या फोटोत नव्याच्या पिंजऱ्याच्या सांध्यात नख जाईल अशी फट. सहाव्या फोटोत जुना नग नव्यांपेक्षा किंचित उंच. साचा, धातू आणि माप, तिन्ही एकमेकांवर अवलंबून नसलेल्या गोष्टी, आणि तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. हा माल परत.

उलटही बघा. ६ चं वळण वेगळं, शाई राखाडीऐवजी काळी, खोकं नवं, पण उठाव करकरीत, रिव्हेट जागच्या जागी, पिंजरा दातेरी, उंची सारखी. इथे संशय सोडून द्या. ही बहुधा नंतरच्या काळातली छपाई आहे.

तिसरी शक्यता कमी दिसते, पण धोक्याची आहे: कवच, स्क्रू, माप सगळं जुळतं, फक्त रेटिंगभोवतीचं प्लास्टिक जास्त गुळगुळीत किंवा चमकदार, आणि तिरक्या उजेडात खाली दुसऱ्या आकड्याची पुसट छाया. म्हणजे अस्सल एमसीबीचं रेटिंग पुसून दुसरं छापलं आहे. अशा वेळी समोरचा आकडा बाजूच्या लेबलशी आणि खोक्याशी ताडून बघा.

माल हातात असताना

छापील खुणांची एक सोपी चाचणी मानकातच आहे: पाण्यात भिजवलेल्या कापसाने १५ सेकंद चोळायचं, मग हेक्झेनसारख्या द्रावकाने १५ सेकंद. घरी पाण्याचा भाग पुरे, आणि तोही एमसीबी डीबीत बसवण्याआधी. पाण्यानेच रेटिंग पुसट झालं तर वाद संपला. साच्यातल्या आणि कोरलेल्या अक्षरांना ही चाचणी लागू नाही.

वायर वायरला लावून "पडते का बघू" हा प्रयोग मात्र कुणालाही करू देऊ नका. नकली एमसीबी नेमकी त्याच क्षणी फुटते, आणि तोंड तिच्याजवळ असतं. शिवाय ती त्या वेळी पडली तरी ओव्हरलोडला पडेल याचा पुरावा मिळत नाही. मानकाप्रमाणे १६ ची एमसीबी १८ अँपिअरला तासभर टिकली पाहिजे आणि २३.२ अँपिअरला तासाच्या आत पडली पाहिजे. ही गोष्ट प्रयोगशाळेतच तपासता येते.

मराठवाड्यात एक गैरसमज जास्त नुकसान करतो. मे महिन्यात ४२-४३ अंश तापमान, डीबी पश्चिमेच्या भिंतीवर, आणि अस्सल १६ ची एमसीबी दुपारी वरचेवर पडते. तिचं रेटिंग ३० अंशाला धरलेलं असतं, त्यामुळे तापलेल्या पेटीत ती १६ च्या आधीही पडू शकते. मग ती "खराब" म्हणून काढली जाते आणि न पडणारी कॉपी "भारी" म्हणून बसते. उन्हात वरचेवर पडण्यावरून माल नकली ठरवू नका. लोड वाटून द्या, डीबी सावलीच्या भिंतीवर घ्या, पण अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरवर त्यासाठी २५ किंवा ३२ ची एमसीबी चढवू नका.

माल परत करताना पक्कं बिल, सहा फोटो आणि एक न वापरलेला नग जपून ठेवा. दुकानदाराने घेतला नाही तर बीआयएस केअर ॲपमधून तक्रार करता येते, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोनही. संशयाचा नग आधीच बसलेला असेल तर मेन बंद करून काढायला सांगा, आणि वायरचं टोक बघा. तांबं काळं किंवा निळसर झालं असेल, इन्सुलेशन कडक झालं असेल, तर स्वच्छ तांबं आणि मऊ इन्सुलेशन लागेपर्यंत टोक कापून नव्याने सोलून मगच नव्या टर्मिनलमध्ये घाला. तापलेलं टोक तसंच घातलं तर अस्सल एमसीबीचंही टर्मिनल पुन्हा जळतं.